पडद्यावर तेवीस, जमिनीवर बावीस

रात्रीचे सव्वाअकरा. घाटाखालच्या तालुक्यातील उपजिल्हा रुग्णालयात मोटारसायकलवरून पडलेल्या एका तरुणाच्या डोक्याचा सीटी स्कॅन नुकताच झाला आहे. क्ष-किरणतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतात. त्यांच्याकडे चित्रे जाऊ लागली आणि निम्म्यावर थांबली. रुग्णालयाचे इंटरनेट बंद, आसपासच्या मोबाइल टॉवरचेही बंद. मेंदूत रक्तस्राव आहे की नाही, हे कळायला आता एकच मार्ग उरला : रुग्णाला रुग्णवाहिकेत घालून दोन तासांचा घाट चढायचा.

त्याच वेळी जिल्ह्याच्या दूरसंचार केंद्रात लाल दिवा लागतो. केंद्रापासून तालुक्यापर्यंत रस्त्याच्या कडेने, जमिनीखाली सव्वा-दीड मीटरवर, ४१ किलोमीटर लांबीची ऑप्टिकल फायबर केबल गेलेली आहे. ती कुठेतरी तुटली आहे. पाऊस पडतो आहे, अंधार आहे आणि जमिनीवर कुठेही खूण नाही. ४१ किलोमीटरमध्ये नेमके कुठे खोदायचे?

ही एक प्रातिनिधिक रात्र आहे. यातले आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेब खरा आहे आणि पावसाळ्यात, विशेषतः रस्तारुंदीकरणाच्या दिवसांत, तो अनेकदा करावा लागतो. तो करणारे यंत्र आहे ‘ओटीडीआर’, म्हणजे ऑप्टिकल टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटर. यंत्र दोन-तीन मिनिटांत आकडा देते. पण त्या आकड्यावर थेट कुदळ मारली, तर अर्धा किलोमीटर चुकू शकते. का चुकते आणि कसे सुधारायचे, ही या यंत्राची खरी विद्या.

काचेची सोनोग्राफी

सोनोग्राफी पाहिलेल्यांना ओटीडीआर समजायला वेळ लागत नाही. सोनोग्राफीत ध्वनीचा छोटा ठोका शरीरात सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने परतला, यावरून अवयव किती खोल आहे हे ठरते. ओटीडीआर काचेच्या धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडतो. हा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तुटक्या धाग्याच्या टोकात कधीही डोकावायचे नसते.

ठोका पुढे जाताना काचेतल्या अतिसूक्ष्म विषमतेमुळे त्याचा किंचित अंश सगळ्या दिशांना विखुरतो. आकाश निळे का दिसते, याचे स्पष्टीकरण ज्या विकिरणातून लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात दिले, तेच हे रॅले विकिरण. विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग धाग्यातून उलटा, यंत्राकडे परततो. घाटात धुक्यातून गाडी चालवताना हेडलाइटचा उजेड आपल्याच डोळ्यांवर येतो, तसे काहीसे. धुके जितके दूरवर, तितका तो उजेड मंद. १९७६ मध्ये अमेरिकेतील बार्नोस्की आणि जेन्सन यांनी या परतणाऱ्या प्रकाशाचा वापर करून धाग्याची तपासणी एकाच टोकाकडून करता येते, हे दाखवले. त्यापूर्वी धाग्यातली घट मोजायची तर धागा कापत कापत जावे लागे.

काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण २ लाख ४ हजार किलोमीटर असतो. म्हणजे एक किलोमीटर जाऊन परत यायला सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात. ठोका सोडल्यापासून किती वेळाने किती प्रकाश परतला, हे यंत्र टिपत राहते, असे हजारो ठोके सोडून त्यांची सरासरी काढते आणि पडद्यावर एक आलेख उमटतो. आडव्या अक्षावर किलोमीटर, उभ्या अक्षावर डेसिबल. डेसिबलचा हिशेब फार अवघड नाही. तीन डेसिबल घटले म्हणजे प्रकाश निम्मा उरला, दहा घटले म्हणजे दशांश उरला.

आलेख वाचायचा कसा

चांगल्या धाग्याचा आलेख डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरणाऱ्या पायवाटेसारखा दिसतो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला चांगल्या धाग्यात किलोमीटरमागे साधारण ०.२ डेसिबल घट येते. म्हणजे १५ किलोमीटर गेल्यावर निम्मा प्रकाश उरतो. या उताराचा कोन सगळीकडे सारखा असला, तर काच निरोगी आहे.

उतारावर तीन प्रकारच्या खुणा दिसतात. पहिली, नुसती लहानशी पायरी. केबल साधारण दोन-दोन किलोमीटरच्या ड्रममधून येते आणि प्रत्येक ड्रमच्या शेवटी पुढच्या ड्रमचे धागे वितळवून जोडलेले असतात. या जोडाला स्प्लाइस म्हणतात. चांगल्या स्प्लाइसमध्ये ०.०५ डेसिबलच्या आसपास घट येते. ती पायरी इतकी बारीक, की आलेख ताणून पाहिल्याशिवाय दिसत नाही. दुसरी खूण, टोकदार सुळका आणि त्यामागे पायरी. हा कनेक्टर. तिथे काच आणि काच यांच्यामध्ये हवेची फट असते आणि फटीवरून प्रकाश आरशासारखा परततो. तिसरी खूण शेवटाची. धागा स्वच्छ कापलेला असेल तर टोकावरून सुमारे चार टक्के प्रकाश परततो, उंच सुळका दिसतो, आणि त्यानंतर आलेख कोसळून तळाशी नुसती खरखर उरते.

पण केबल नेहमी स्वच्छ कापली जात नाही. जेसीबीच्या दातात अडकून ती ओढली गेली, धागे चुरडले, तुटलेल्या टोकावर केबलमधली जेली किंवा चिखलाचे पाणी बसले, की आरसा नाहीसा होतो. मग सुळका दिसतच नाही. उतार चालता चालता आलेख एकदम खरखरीत पडतो. नवखा माणूस अशा वेळी शेवटचा सुळका शोधत राहतो आणि कधीकधी त्याआधीच्या कनेक्टरलाच तूट समजतो. सुळका असो वा नसो, प्रश्न एकच विचारायचा असतो : या बिंदूनंतर विकिरणाचा उतार पुन्हा सुरू झाला का? झाला असेल, तर धागा तिथे जिवंत आहे. झाला नसेल, तर तूट तिथेच.

२३.४१२

केंद्रातल्या कनिष्ठ अभियंता आधी बंद पडलेल्या धाग्यांची टोके यंत्रापासून सोडवून घेतात. समोरच्या टोकाकडून प्रकाश येत नाही ना, हे पॉवर मीटरने पाहतात, कारण चालू धाग्यावर ओटीडीआर लावला तर यंत्र बिघडू शकते. मग ओटीडीआर आणि केंद्रातला धागा यांच्यामध्ये एक किलोमीटर धाग्याची गुंडाळी जोडतात. ठोका निघताच पहिल्या कनेक्टरवरून इतका प्रकाश परततो की यंत्राचे डोळे क्षणभर दिपतात, आणि तेवढ्या अंतरातले काही दिसत नाही. गुंडाळीमुळे हा आंधळा पट्टा केबलच्या बाहेर राहतो. पुढचे सगळे आकडे या गुंडाळीची लांबी वजा करूनच घ्यायचे असतात. ते विसरले, तर पहिल्याच पावलाला एक किलोमीटर चुकले.

पडद्यावर उतार येतो, बारीक पायऱ्या येतात आणि २३.४१२ किलोमीटरवर आलेख कोसळतो. सुळका नाही. त्या दुसरा धागा लावतात : २३.४०९. तिसरा : २३.४१५. केबलमध्ये २४ धागे आहेत आणि सगळे पाच-सहा मीटरच्या अंतरातच संपत आहेत. यातून एक निदान झाले. एखाद-दुसरा धागा गेला असता, तर दोष बहुधा जोडाच्या पेटीत असता किंवा उंदीर-घुशींनी केबल कुरतडली असती. चोविसांच्या चोवीस गेले आणि थोड्या पुढेमागे गेले, म्हणजे केबल ओढून तोडली आहे.

घाटात जीपमध्ये बसलेल्या स्प्लायसरचा फोन येतो.

‘‘मॅडम, आकडा द्या. मुकादम आणि दोन माणसं सोबत आहेत.’’

‘‘पडद्यावर तेवीस पॉइंट चार आहे. पण काका, तिथं खोदू नका. तुम्ही आधी अकरा नंबरच्या जोडाच्या चेंबरला पोचा.’’

‘‘अकरा नंबर? तो तर खूप अलीकडे आहे की!’’

‘‘म्हणूनच.’’

काचेची लांबी, केबलची लांबी, रस्त्याची लांबी

ओटीडीआर फक्त एकच गोष्ट मोजतो : प्रकाश काचेतून किती चालला. काच मात्र रस्त्याबरोबर सरळ धावत नाही. केबल वाकली किंवा ताणली गेली तरी धाग्यावर ताण येऊ नये, म्हणून केबलच्या आत धागे नळ्यांमध्ये सैल ठेवलेले असतात आणि त्या नळ्या मधल्या दांड्याभोवती पीळ देऊन गुंडाळलेल्या असतात. त्यामुळे एक किलोमीटर केबलमध्ये एक किलोमीटरहून जास्त काच असते. किती जास्त, ते केबलच्या रचनेवर अवलंबून असते आणि उत्पादक ते कागदावर देतो. या केबलसाठी ते दीड टक्का धरले आहे.

दुसरा फरक सैल केबलचा. प्रत्येक जोडाच्या चेंबरमध्ये दोन्ही बाजूंची काही मीटर केबल मुद्दाम वेटोळे करून ठेवतात, म्हणजे दुरुस्तीसाठी जोडाची पेटी उचलून गाडीत, कोरड्या जागी आणता येते. इथे प्रत्येक बाजूला १० मीटर ठेवली आहे, आणि केंद्रात सुरुवातीलाच १५ मीटरचे वेटोळे आहे.

तिसरा फरक यंत्राच्या सेटिंगचा. यंत्र मोजते वेळ आणि दाखवते अंतर. मध्ये काचेतला प्रकाशाचा वेग धरावा लागतो, आणि तो काचेच्या अपवर्तनांकावरून निघतो. नेहमीच्या धाग्यासाठी १५५० नॅनोमीटरला हा अंक १.४६८२ च्या जवळपास असतो. कुणी तो १.४६०० ठेवून गेला असेल, तर २३ किलोमीटरच्या अंतरात सुमारे १३० मीटरची चूक होते, आणि आलेख दिसायला अगदी व्यवस्थित असतो. सोनोग्राफीचे यंत्रही असाच एक वेग गृहीत धरते. शरीरातल्या मऊ पेशींमध्ये ध्वनी सेकंदाला १५४० मीटर जातो, असे मानूनच तिथली सेंटिमीटर निघतात.

आता अभियंत्यांचा हिशेब. केबल टाकली तेव्हाचा जुना आलेख त्यांच्याकडे आहे. त्यात अकरावा जोड २२.१०० किलोमीटरवर दिसतो. आजच्या आलेखातही २२.१०० वर तीच बारीक पायरी आहे. म्हणजे तेव्हाचे आणि आजचे सेटिंग जुळते आहे आणि अकराव्या जोडापर्यंत केबल शाबूत आहे. तूट त्याच्या पुढे, काचेच्या मापाने १,३१२ मीटरवर.

१,३१२ मीटर काच म्हणजे दीड टक्का पीळ काढल्यावर १,२९३ मीटर केबल. त्यातली १० मीटर अकराव्या चेंबरमध्ये वेटोळ्यात आहे. उरली सुमारे १,२८३ मीटर. चेंबरपासून रस्त्याच्या कडेने एवढे चालायचे.

हाच हिशेब केंद्रापासून केला, तर फरक डोळ्यांत भरतो. २२.१०० किलोमीटर काच म्हणजे २१.७७ किलोमीटर केबल. त्यातून दहा जोडांची वीस-वीस मीटर, अकराव्याची अलीकडची १० मीटर आणि केंद्रातली १५ मीटर वजा केली, की अकरावा चेंबर जमिनीवर साधारण २१.५५ किलोमीटरवर येतो. त्यात १,२८३ मीटर मिळवले, की तूट २२.८३ किलोमीटरवर. पडद्यावर होते २३.४१. स्प्लायसरकाकांनी जीपच्या मीटरवर २३.४ मोजून खोदायला घेतले असते, तर ते जवळपास ५८० मीटर पुढे, शाबूत केबलवर कुदळ घालत बसले असते.

म्हणून अनुभवी माणूस केंद्रापासूनचे अंतर वापरत नाही, तर आलेखात दिसणाऱ्या शेवटच्या ओळखीच्या जोडापासून मोजतो. चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. तेवीस किलोमीटरवर १३० मीटरची गफलत करणारे चुकीचे सेटिंग १,३१२ मीटरवर फक्त सात मीटरची गफलत करते, आणि सात मीटर माणूस हाताने खोदू शकतो.

केबलवरचे आकडे

अकराव्या चेंबरचे झाकण उघडून काका बॅटरीच्या उजेडात केबल पुसतात. केबलच्या काळ्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. कापडाच्या दुकानात टेप लावून ठेवावी, तशी ही केबलची स्वतःचीच टेप. जोडातून तालुक्याच्या बाजूला निघणाऱ्या केबलवर पेटीजवळ ४१०६ दिसतो.

‘‘चार हजार एकशे सहा, मॅडम.’’

‘‘आकडे पुढे वाढत जातात असं रेकॉर्डमध्ये आहे. त्यात बाराशे त्र्याण्णव मिळवा. पाच हजार तीनशे नव्व्याण्णवच्या आसपास तुटलेली आहे. चाकाच्या मीटरनं बाराशे त्र्याऐंशी मोजा आणि तिथं बघा.’’

तिथे एक मोरी आहे. तिच्या कडेला ताजी माती लोटून सपाट केलेली दिसते. दिवसा वाहतूक असते म्हणून रात्री मोरीचे काम चालले होते. केबल दातात आल्यावर यंत्रचालकाने माती ढकलून खड्डा बुजवला आणि काम थांबवून तो निघून गेला. वरून काहीच कळत नव्हते. मुकादमाच्या माणसांनी ताज्या मातीच्या अलीकडच्या कडेला हळू हाताने खणल्यावर केबल लागते. आकडा ५३९१. म्हणजे आणखी आठ मीटर पुढे जायचे. ५३९७ वर केबलचे फाटलेले तोंड चिखलात रुतलेले सापडते. वेळ रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटे.

या दरम्यान तालुक्याच्या टोकाकडूनही एक आलेख घेतला जातो. पहिल्या तुटीच्या पलीकडचे केंद्राकडून काहीही दिसत नाही, आणि ओढल्या गेलेल्या केबलचा झटका कधीकधी शेजारच्या जोडापर्यंत पोहोचतो. एक तूट जोडून झाल्यावर दुसरी सापडली, तर रात्र दुप्पट लांबते. दुसऱ्या टोकाकडून आलेख सरळ मोरीपर्यंत येतो. तूट एकच आहे.

चांगला जोड वाईट दिसतो तेव्हा

ओढल्याने ताणलेला भाग कापून टाकून सुमारे ९० मीटरचा नवा तुकडा टाकला जातो. म्हणजे प्रत्येक धाग्याला दोन नवे जोड. केस इतक्या जाडीचे दोन धागे यंत्रात समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडायचे. जोडणारे यंत्र लगेच सांगते, ‘०.०२’. पण हा अंदाज असतो. यंत्र धाग्यांची चित्रे पाहून तो बांधते, धाग्यातून गेलेला प्रकाश मोजत नाही. खरी परीक्षा पुन्हा ओटीडीआरवर.

पहाटे पावणेचारला आधी चालू सेवेचे धागे जोडले जातात, आणि रुग्णालयाची लाइन परत येते. त्या तरुणाला मात्र तासाभरापूर्वीच जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचवले आहे. इकडे मोरीवर मात्र वेगळाच वाद उभा राहतो. केंद्राकडून घेतलेल्या आलेखात पहिल्या नव्या जोडावर पायरी खाली नव्हे, वर गेलेली दिसते : ०.१६ डेसिबल वाढ. दुसऱ्या जोडावर ०.२७ डेसिबल घट. काकांचा सहायक दुसरा जोड तोडून पुन्हा करायला निघतो.

‘‘थांब रे बाबा,’’ काका म्हणतात. ‘‘जोडातून उजेड वाढतो कधी? आधी तालुक्याकडून आलेख घ्यायला सांग.’’

काकांचा प्रश्न अगदी मूळचा आहे. जोडात प्रकाश निर्माण होत नाही. मग आलेख वर का जातो? कारण ओटीडीआर पुढे गेलेला प्रकाश मोजत नाही, परतलेला मोजतो. नवा तुकडा दुसऱ्या उत्पादकाचा आहे आणि त्याच्या धाग्यात प्रकाश किंचित अरुंद गाभ्यात धरला जातो. अशा धाग्यातून विकिरणाचा जास्त वाटा उलटा परततो. जुन्यातून नव्यात शिरताना परतीचा प्रकाश अचानक वाढतो, म्हणून खोटी वाढ. नव्यातून जुन्यात बाहेर पडताना तो अचानक कमी होतो, म्हणून खरी घट आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

उलट दिशेने पाहिले की लबाडी उलटी होते. तालुक्याकडून पहिल्या जोडावर ०.२६ घट दिसते आणि दुसऱ्यावर ०.१७ वाढ. प्रत्येक जोडाच्या दोन्ही दिशांच्या आकड्यांची सरासरी काढायची, घटीला अधिक आणि वाढीला उणे धरून. पहिला जोड : उणे ०.१६ आणि अधिक ०.२६, सरासरी ०.०५. दुसरा : अधिक ०.२७ आणि उणे ०.१७, सरासरी ०.०५. दोन्ही जोड उत्तम आहेत. सहायकाने तो जोड दहा वेळा तोडून जोडला असता, तरी एका बाजूने तो ०.२७ च्या आसपासच दिसला असता.

इथे ठोक्याची लांबीही महत्त्वाची ठरते. लांब ठोक्यात ऊर्जा जास्त असते, त्यामुळे तो दूरवर दिसतो, पण जवळजवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवत नाही. एक मायक्रोसेकंदाचा ठोका आलेखात सुमारे १०० मीटर पसरतो. तो वापरला असता, तर ९० मीटरवरचे दोन जोड एकात एक मिसळले असते आणि एकाची खोटी वाढ दुसऱ्याच्या घटीत विरून गेली असती. म्हणून तूट शोधताना जरा लांब ठोका, आणि जोड तपासताना सुमारे १०० नॅनोसेकंदांचा आखूड ठोका, ज्याचा पसारा फक्त दहा मीटर. आखूड ठोक्याचा आलेख खरखरीत येतो, म्हणून त्याची सरासरी जास्त वेळ काढू द्यायची.

सात नंबरचा धागा

तेवीस धागे बरे निघतात. सात नंबरचा मात्र हट्टी आहे. दुसऱ्या जोडावर दोन्ही दिशांची सरासरी काढूनही ०.६ डेसिबल घट उरते. जोड वाईट आहे का? अभियंता तोच आलेख १३१० नॅनोमीटरवर घ्यायला सांगतात. तिथे घट फक्त ०.०८ दिसते.

हा फरकच दोषाचे नाव सांगतो. वाईट स्प्लाइस दोन्ही तरंगलांबींवर साधारण सारखाच वाईट दिसतो. पण धागा कुठे जास्त वाकला असेल, तर लांब तरंगलांबीचा प्रकाश त्या वळणावर जास्त निसटतो. १३१० वर जवळपास काही नाही, १५५० वर बरेच, १६२५ वर त्याहून जास्त, असे चित्र दिसले की जोडाला हात लावायचा नाही, वळण शोधायचे. काका पेटी उघडतात. ट्रेमध्ये धागा गुंडाळताना सात नंबर झाकणाच्या कडेखाली चिमटला आहे. ते वेटोळे सोडवून तीन सेंटिमीटरहून मोठ्या त्रिज्येने पुन्हा बसवले, की १५५० वरची पायरीही ०.०६ वर येते. जोड तोच, जागेवरचा.

दोष पेटीत राहून गेला असता, तर लाइन तरीही चालली असती. पेटीच्या हालचालीने किंवा थंडीने वळण आणखी आवळले गेल्यावर, महिन्या-दोन महिन्यांनी, ती अधूनमधून अडखळू लागली असती, आणि तेव्हा दोष शोधणे तुटलेली केबल शोधण्यापेक्षा अवघड गेले असते.

शेवटचे काम कागदाचे

मोरीवर केबल आहे, हे खोदणाऱ्याला आधी कळले असते तर ही रात्र टळली असती. त्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केले. खोदणाऱ्याने जागा कळवायची आणि तिथे ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जायची, अशी त्याची योजना आहे. तिचा उपयोग वाहिनीची जागा नोंदलेली असेल तेवढाच होतो, आणि खोदणाऱ्याने कळवले तरच.

पहाटे साडेपाचला मोरीवर माती ओढली जाते, पण काम संपलेले नसते. अकराव्या आणि बाराव्या जोडांच्या मध्ये आता दोन नवे जोड आले आहेत. नव्या पेट्यांमध्ये वीस-वीस मीटर वेटोळे ठेवले आहे, नव्या तुकड्याची काच वेगळी आहे आणि पुढचे सगळे जोड आलेखात थोडे पुढे सरकले आहेत. दोन्ही दिशांचे नवे आलेख साठवून ठेवावे लागतात. पेट्यांजवळचे केबलवरचे आकडे, वेटोळ्याची लांबी आणि चेंबरपासून मोजलेले अंतर वहीत जावे लागते. सहायक ओल्या हाताने वहीत लिहू लागतो, तेव्हा काका त्याला एक ओळ जास्तीची लिहायला लावतात : ‘नव्या तुकड्यावर केंद्राकडून वाढ दिसते, जोड चांगले आहेत, तोडू नये.’

पुढच्या पावसाळ्यात, पुढच्या तुटीच्या रात्री, केंद्रातल्या पडद्यासमोर कदाचित दुसरेच कुणी असेल. आलेखातली कुठली पायरी ओळखीची आहे आणि तिथून पुढे किती चालायचे, हे त्याला फक्त या वहीतूनच कळणार आहे.